दहा बिट, सात हॅश: ब्लूम फिल्टरच्या मापाचा हिशोब आला कुठून?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एखादा टॉवेलचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. विणून, धुऊन, शिवून झालेला माल डझनाच्या पाकिटांत भरला जातो, प्रत्येक पाकिटावर बारकोडचं लेबल लागतं, आणि गोदामाच्या दारात हातातल्या स्कॅनरनं ते वाचून पाकीट ट्रकमध्ये चढतं. दारातल्या माणसाला एकच गोष्ट हवी असते: हे लेबल आधी कधी बाहेर गेलेलं आहे का? प्रिंटरनं एखादं लेबल दोनदा छापलं, तर एका मालाची दोन बिलं होतात आणि व्यापाऱ्याचा फोन येतो. खात्रीचं उत्तर सर्व्हरवर असतं. पण प्रत्येक पाकिटासाठी सर्व्हरला विचारायचं ठरवलं, तर नेट रेंगाळलं की ट्रक भरणारी माणसं हात बांधून उभी राहतात.

अशा जागी ब्लूम फिल्टर बसवतात. स्कॅनरच्या मेमरीत बिटांची एक लांब रांग, म्हणजे m बिट, सगळे सुरुवातीला शून्य. लेबल बाहेर गेलं की त्याचा आकडा k वेगवेगळ्या हॅश फंक्शन्समधून काढायचा. प्रत्येक फंक्शन रांगेतली एक जागा सांगतं, त्या जागेवर एक लिहायचा. पुढचं लेबल आलं की त्याच्याही k जागा बघायच्या. एकही जागा शून्य सापडली, तर हे लेबल आधी कधीच गेलेलं नाही, यात शंका नाही. सगळ्या जागा एक असतील, तर बहुधा गेलेलं आहे. पण त्या जागा दुसऱ्याच लेबलांनी भरलेल्या असू शकतात. नकार पक्का, होकार कच्चा. नकार आला की पाकीट थेट ट्रकमध्ये, होकार आला तरच सर्व्हरला विचारायचं.

आता m किती घ्यायचा आणि k किती? हे कुणाही प्रोग्रामरला विचारा, उत्तर तयार असतं: नोंदीमागे दहा बिट, सात हॅश, एक टक्का खोटे होकार. उत्तर चुकीचं नाही. पण हे आकडे कोणत्या अटींवर खरे आहेत हे माहीत नसेल, तर हंगामाच्या मध्यावर फिल्टर बिघडतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्या अटी समजून घ्यायला हे आकडे कसे जन्मले तिथपर्यंत मागं जावं लागतं.

१९७०: शब्द तोडण्याचा प्रश्न

बर्टन ब्लूम यांचा लेख जुलै १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आला. त्यांनी घेतलेलं उदाहरण छपाईचं होतं. इंग्रजी मजकूर छापताना ओळीच्या शेवटी शब्द कुठं तोडायचा, हे संगणकाला ठरवायचं आहे. पाच लाख शब्द धरले, तर त्यांतले नव्वद टक्के मोजक्या साध्या नियमांनी तोडता येतात. उरलेले दहा टक्के, म्हणजे पन्नास हजार, हटवादी आहेत. त्यांच्यासाठी डिस्कवरचा कोश उघडावा लागतो. शब्द हटवादी आहे की साधा, हे आधी कसं कळावं? हटवाद्यांची सगळी यादी मेमरीत ठेवावी, तर त्या काळची मेमरी तेवढी नव्हती. न ठेवावी, तर प्रत्येक शब्दासाठी डिस्क फिरवावी लागणार.

ब्लूम यांनी ओळखलं की इथं एक प्रकारची चूक जवळपास फुकट आहे. साधा शब्द चुकून हटवादी ठरला तर डिस्कची एक फेरी वाया जाते, शब्द मात्र बरोबरच तुटतो. उलटी चूक महागात पडते. मग पहिली चूक मुद्दाम होऊ द्यायची आणि तिच्या बदल्यात जागा वाचवायची. त्यांनी दाखवलं की बिनचूक यादीला लागणाऱ्या जागेच्या पंधरा टक्के जागेतही डिस्कच्या पंच्याऐंशी टक्के फेऱ्या वाचतात. लेखात दोन पद्धती होत्या. पहिलीत प्रत्येक नोंदीचा आखूड केलेला हॅश साठवायचा होता. दुसरीत नुसते बिट. दुसरीच पुढं त्यांच्या नावानं ओळखली गेली.

आपल्या गोदामाचा प्रश्न याच साच्यातला आहे. नव्या लेबलाला चुकून होकार मिळाला, तर सर्व्हरला एक फेरी पडते, नुकसान होत नाही. हीच यंत्रणा ‘हे लेबल खरंच आमच्या कारखान्याचं आहे का’ हे तपासायला लावली, तर मात्र खोटा होकार म्हणजे बनावट माल खरा ठरणं. तिथं शेवटचा शब्द ब्लूम फिल्टरचा असता कामा नये. मापाचा विचार करण्याआधी चूक कोणत्या बाजूला पडते हे पाहावं लागतं, आणि माझ्या पाहण्यात बरेच जण हे मागून पाहतात.

निम्मी रांग भरलेली का हवी

खोट्या होकाराची शक्यता मोजण्याचा ब्लूम यांचा मार्ग सरळ आहे. n नोंदी टाकून झाल्यावर रांगेतला एखादा बिट अजून शून्य असण्याची शक्यता काढायची. ती एकातून वजा केली की भरलेल्या बिटांचं प्रमाण मिळतं. न टाकलेल्या लेबलाच्या k च्या k जागा भरलेल्या सापडण्याची शक्यता म्हणजे त्या प्रमाणाचा k वा घात. खोट्या होकाराच्या शक्यतेला p म्हणून आज हे सूत्र असं लिहितात:

```
p = (1 - e^(-k*n/m))^k
```

m आणि n ठरलेले असतील तर k वाढवण्याचे दोन परिणाम होतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. जागा जास्त तपासल्या की परक्या लेबलाला सगळ्या जागा भरलेल्या सापडणं अवघड होतं. पण प्रत्येक नोंदीमागे जास्त बिट खर्च झाल्यानं रांगही लवकर भरते. या ओढाताणीचा तोल नेमका तिथं साधतो, जिथं निम्मे बिट भरलेले आणि निम्मे रिकामे असतात. त्यासाठी k ची किंमत m/n च्या 0.693 पट लागते. हा दोनाचा नैसर्गिक लॉगॅरिदम.

निम्मी रांग भरलेली आहे एवढं धरलं, की उरलेला हिशोब पाठ करावा लागत नाही. प्रत्येक हॅश खोट्या होकाराची शक्यता निम्मी करतो. एक टक्का हवा तर शंभराला एकावर आणायला किती वेळा निम्मं करावं लागेल? सहा वेळा केलं तर चौसष्टात एक, सात वेळा केलं तर एकशे अठ्ठावीसात एक. म्हणजे साडेसहाच्या थोडं वर, ६.६४. आता प्रत्येक नोंदीमागे ६.६४ जागांवर एक लिहायचा आहे, पण कित्येकदा ती जागा आधीच भरलेली निघते. म्हणून रांग निम्मीच भरावी यासाठी बिट १.४४ पट लागतात. गुणाकार केला की नोंदीमागे ९.६ बिट. ‘दहा बिट, सात हॅश’ हे याचंच पूर्णांकात केलेलं रूप. दहापट अचूकता हवी, म्हणजे हजारात एक, तर नोंदीमागे आणखी ४.८ बिट लागतात आणि हॅश दहा होतात. लेबल बारा अंकी आहे की चाळीस अक्षरी, याचा या हिशोबात कुठंही संबंध येत नाही.

पन्नास हजार बाइटांतला कोश

हा हिशोब प्रत्यक्ष वापरात कसा उतरला याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण युनिक्सच्या ‘स्पेल’ या प्रोग्रामचं आहे. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी तो सुधारला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्ससोबत तो गेला, आणि त्याच्या सोर्स कोडमधल्या एका टिपेत वरचंच गणित चार ओळींत मांडलेलं आहे. यंत्र होतं पीडीपी-११. त्यात एका प्रोग्रामला चौसष्ट केबीच्या पलीकडची माहिती थेट पाहता येत नसे. कोश होता पंचवीस हजार शब्दांचा. शब्द अक्षरशः साठवले असते तर एवढ्या जागेत मावले नसते.

टिपेतले आकडे असे: चार लाख बिटांची रांग, पंचवीस हजार शब्द, आणि अशा वेळी सगळ्यात बरा k अकरा. पडताळून पाहू. शब्दामागे सोळा बिट पडतात. सोळाला 0.693 नं गुणलं की ११.०९. अकरा वेळा निम्मं केलं की दोन हजार अठ्ठेचाळीसात एक. आणि चार लाख बिट म्हणजे पन्नास हजार बाइट, चौसष्ट केबीत बसून वर प्रोग्रामच्या इतर माहितीलाही थोडी जागा उरते. अकरा हॅश फंक्शन्सही साधी होती. शब्दाचा एक मोठा आकडा करायचा आणि चार लाखाच्या जरा खालच्या अकरा मूळसंख्यांनी भागून बाकी घ्यायची.

इथं m कुठून आला हे लक्षात घेण्यासारखं आहे. पुस्तकातला क्रम असा असतो: आधी p ठरवा, मग m काढा, मग k. स्पेलमध्ये क्रम उलटा होता. यंत्रानं m ठरवला, कोशानं n ठरवला, गणितानं k दिला, आणि p जो आला तो आला. मग प्रश्न एवढाच उरला की दोन हजारात एक चालेल का. चालेल, कारण हे प्रमाण मजकुरातल्या सगळ्या शब्दांचं नाही, फक्त चुकलेल्या शब्दांचं. दोन हजार चुका केल्यावर त्यांतली एखादी नजरेतून सुटणार. कोशातला बरोबर लिहिलेला शब्द तर कधीच अडत नाही. p हा फक्त यादीबाहेरच्या गोष्टींना लागू होतो, आणि तो कशाने गुणायचा हे तुमच्याकडं यादीबाहेरचं किती येतं यावर ठरतं. गोदामात जवळपास प्रत्येक पाकीट यादीबाहेरचंच असतं, म्हणजे पूर्ण p चा मार तिथं बसतो.

पुढं मॅकिलरॉय यांनी ब्लूम फिल्टर काढून टाकला. कोश तीस हजार शब्दांवर गेला होता, मेमरी तेवढीच होती. नव्या पद्धतीत प्रत्येक शब्दाचा सत्तावीस बिटांचा हॅश काढून, ते सगळे क्रमानं लावून, लागोपाठच्या दोन हॅशमधलं अंतर तेवढं आखूड करून साठवलं. शब्दामागे चौदा बिटांच्या आत जागा लागली आणि चूक चार हजारात एकाहूनही कमी झाली. म्हणजे कमी जागेत दुप्पट अचूकता. मग ब्लूम फिल्टर वाईट होता का? १९७८ साली कार्टर, फ्लॉइड, गिल, मार्कोव्स्की आणि वेगमन यांनी दाखवलं होतं की कोणत्याही पद्धतीनं p एवढी चूक साधायची, तर नोंदीमागे किमान log2(1/p) बिट लागतातच. ब्लूम फिल्टरला त्याच्या १.४४ पट लागतात, म्हणजे चव्वेचाळीस टक्के जादा. मॅकिलरॉय यांनी त्या जादातला बराच भाग परत मिळवला. पण त्यांच्या घट्ट बांधलेल्या यादीत नवा शब्द मध्येच घालता येत नाही, आणि शोधताना अंतरं मोजत जावं लागतं. ज्या यादीत मिनिटाला नवी भर पडते तिथं ती पद्धत निरुपयोगी. तिथं चव्वेचाळीस टक्के जादा जागा देऊन ब्लूमचीच रांग परवडते.

सूत्र किंचित आशावादी आहे

वरचं सूत्र जवळपास चाळीस वर्षं बिनबोभाट वापरलं गेलं. २००८ साली प्रोसेंजित बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ते तंतोतंत बरोबर नाही. खोट्या होकाराचं प्रत्यक्ष प्रमाण सूत्रापेक्षा नेहमी थोडं जास्त असतं.

कारण पाहायला कागद-पेन्सिल पुरते. दोन बिटांची रांग घ्या, हॅश दोन, आणि नोंद एकच. नोंद टाकताना दोन्ही हॅश एकाच जागेवर पडण्याची शक्यता निम्मी. तेव्हा रांगेत एकच बिट भरतो. उरलेल्या निम्म्या वेळी दोन्ही भरतात. सरासरीनं रांग पाऊण भरते. सूत्रातला e चा घात हा मोठ्या रांगेपुरता अंदाज आहे, म्हणून इथं नेमकी पाऊणच घेऊ आणि सूत्राच्या रीतीनं तिचा वर्ग करू: सोळात नऊ. आता प्रत्यक्ष मोजा. एकच बिट भरलेला असेल तर परक्या नोंदीला होकार मिळण्याची शक्यता चारात एक. दोन्ही भरले असतील तर होकार नक्की. दोन्हींची सरासरी: सोळात दहा. फरक पडतो तो यामुळं, की सूत्र आधी रांगेच्या भरण्याची सरासरी काढतं आणि मग घात करतं. प्रत्यक्षात रांग कधी कमी भरते, कधी जास्त, आणि जास्त भरलेल्या रांगेचं नुकसान घातामुळं कमी भरलेल्या रांगेच्या फायद्यापेक्षा मोठं ठरतं.

लाखो बिटांच्या रांगेत भरण्याचं प्रमाण सरासरीच्या इतकं जवळ राहतं की हा फरक विसरून चालतो. शंभर-दोनशे बिटांचे छोटे फिल्टर वापरायचे असतील तर मात्र सूत्रावर विसंबू नये.

सात हॅश कुठून आणायचे

सात स्वतंत्र हॅश फंक्शन्स शोधायची म्हणजे डोकेदुखी. २००६ मध्ये ॲडम कर्श आणि मायकेल मिट्झनमाकर यांनी दाखवलं की दोनच पुरतात. पहिल्यात दुसऱ्याची पट मिळवत जायचं:

```
g_i(x) = (h1(x) + i*h2(x)) mod m      i = 0 ... k-1
```

मोठ्या रांगेत खोट्या होकाराचं प्रमाण सात स्वतंत्र हॅशइतकंच येतं. आज बहुतेक लायब्ररी याच वाटेनं जातात. पण कोड लिहिताना एक जागा फसवी आहे. m हा दोनाचा घात असेल आणि h2 नेमका शून्य आला, तर सातही जागा एकच होतात. h2 मध्ये दोनाचा मोठा घात लपलेला असेल तर जागा दोन-चारच ठिकाणी फिरत राहतात. म्हणून h2 विषम करून घ्यायची पद्धत आहे. दुसरी मर्यादा हॅशच्या लांबीची. सगळं एकाच बत्तीस बिटांच्या हॅशवरून काढलं असेल, तर दोन वेगळ्या लेबलांचा हॅश जुळला की सातही जागा जुळतात, रांग कितीही मोठी असो. बत्तीस बिटांत सुमारे ४२९ कोटी आकडे मावतात. सव्वाचार कोटींवर नोंदी गेल्या की एवढ्या एकाच कारणानं एक टक्का खोटे होकार येतात. मग m वाढवून काही उपयोग होत नाही. लहान कारखान्याला ही भीती नाही, पण लेबलांऐवजी वेबपत्ते मोजणाऱ्याला आहे.

k नेमका सातच हवा का? गूगलनं खुला केलेला लेव्हलडीबी हा डेटाबेस चाळला तर त्यात ही ओळ सापडते:

```
k_ = static_cast<size_t>(bits_per_key * 0.69);  // 0.69 =~ ln(2)
```

दहा बिटांसाठी उत्तर ६.९, पण अपूर्णांक कापला जातो आणि हॅश सहाच वापरले जातात. हे मुद्दाम आहे, तपासण्याचं काम थोडं वाचावं म्हणून. त्याची किंमत काय पडते? दहा बिटांना सात हॅश लावले तर ०.८२ टक्के, सहा लावले तर ०.८४. योग्य आकड्याच्या आजूबाजूला हा उतार इतका सपाट आहे की एक हॅश कमी केला तरी जवळजवळ काहीच हरवत नाही, आणि प्रत्येक तपासणीत मेमरीची एक उडी वाचते. फार दूर गेलं की मात्र फटका बसतो. ९.६ बिटांना दोनच हॅश लावले तर साडेतीन टक्के, पंधरा लावले तर तीन टक्के. माझं मत विचाराल तर k वर डोकं खर्च करू नये. जे काय बिघडतं ते n चुकल्यानं बिघडतं.

पाच लाखांचा फिल्टर आणि दहा लाख पाकिटं

आता गोदामाकडं परत. समजा हंगामाला पाच लाख पाकिटं जातील असा अंदाज आहे आणि एक टक्का खोटे होकार चालतील. सूत्रातून m येतो ४७.९ लाख बिट, म्हणजे सुमारे सहाशे केबी, आणि k सात.

पाच लाखांचा एक टक्का म्हणजे पाच हजार, तेवढ्या वेळा सर्व्हरकडं जावं लागेल, असं वाटतं. तसं होत नाही. एक टक्का हा पाच लाखावं लेबल येतं तेव्हाचा दर आहे. सुरुवातीला रांग रिकामी असते, दर शून्य असतो. अडीच लाखांवर, म्हणजे अर्ध्या वाटेवर, तो अजून ०.०२५ टक्केच असतो. पूर्ण हंगामात मिळून खोटे होकार सव्वाआठशेच्या आसपास येतात. त्यांतले बहुतेक शेवटच्या लाखभर पाकिटांत.

आणि इथंच धोका आहे. फिल्टर पहिले कित्येक महिने अंदाजापेक्षा कितीतरी चांगला चालतो, त्यामुळं कुणी त्याच्याकडं बघत नाही. मग समजा ऑर्डर वाढली आणि त्याच रांगेत पुढची पाच लाख लेबलं गेली. रांग भरल्यावर ब्लूम फिल्टर तक्रार करत नाही, नोंद नाकारत नाही. बिट भरत राहतात, एवढंच. दहा लाखांवर ७७ टक्के बिट भरलेले असतात आणि दर जवळपास १६ टक्के झालेला असतो. दुसऱ्या पाच लाखांतले खोटे होकार मोजले तर तेहतीस हजारांच्या घरात जातात. नोंदी दुप्पट, त्रास चाळीसपट. दारात हे कसं दिसतं? स्कॅनर ‘हळू’ झालेला असतो. सर्व्हरच्या फेऱ्या वाढलेल्या असतात आणि दोष नेटवर जातो.

दहा लाखांना k कमी करून वाचता आलं असतं का? त्या मापाला सगळ्यात बरा k तीन. तो सुरुवातीपासून ठेवला असता तरी दर दहा टक्के आला असता. मधेच k बदलणं तर घातक: वाढवला, तर आधी गेलेल्या लेबलांच्या जादा जागा भरलेल्याच नसतात आणि पक्का नकार खोटा पडतो. m ही वाढवता येत नाही, कारण मूळ लेबलं फिल्टरमध्ये नाहीतच. सर्व्हरवरची यादी घेऊन नवा फिल्टर पहिल्यापासून भरावा लागतो. सुरुवातीलाच दहा लाख धरले असते तर रांग १.२ एमबी झाली असती. सहाशे केबी वाचवण्याची ती किंमत. आजच्या स्कॅनरमध्ये मी तरी अंदाजाच्या दुप्पट n धरतो.

परत आलेल्या पाकिटांचाही प्रश्न आहे. लेबल यादीतून काढायचं म्हणून त्याचे बिट शून्य करता येत नाहीत. तेच बिट दुसऱ्या लेबलांचे असतात आणि त्यांना मग खोटा नकार मिळेल. १९९८ मध्ये ली फॅन आणि सहकाऱ्यांनी वेब कॅशसाठी बिटाच्या जागी चार बिटांचे छोटे मोजणीदार ठेवून ही सोय केली, पण रांग चौपट झाली. परती मोजक्या असतील तर त्यांची वेगळी छोटी यादी ठेवणं स्वस्त पडतं.

फिल्टर बिघडतोय हे ओळखायला नोंदींचा हिशोब ठेवलेला नसला तरी चालतं. रांगेतले भरलेले बिट मोजायचे, एकूण बिटांनी भागायचं, आणि त्याचा k वा घात करायचा; या क्षणीचा दर हातात येतो. सात हॅशच्या आपल्या रांगेत ५२ टक्के भरलं की एक टक्का, ६० टक्क्यांवर पावणेतीन, ६७ टक्क्यांवर सहा. रोज रात्री सर्व्हरशी जोडणी होते तेव्हा ही मोजणी करून आकडा लिहून ठेवायला क्षणभर पुरतो. ५२ ओलांडले की जुनी रांग तशीच ठेवून शेजारी नवी सुरू करावी आणि तपासताना दोन्हींना विचारावं. दोन्हींचे दर साधारण बेरजेनं लागतात, म्हणून नवी रांग अधिक कडक मापाची घ्यावी लागते. २००७ मध्ये आल्मेदा आणि सहकाऱ्यांनी याच कल्पनेला पद्धतशीर रूप दिलं: प्रत्येक नवी रांग आधीच्यापेक्षा ठरावीक पटीनं कडक, म्हणजे कितीही रांगा जोडल्या तरी बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत राहते. आपल्या पाच लाखांच्या दुसऱ्या रांगेला हजारात एकचं माप दिलं तर ती नऊशे केबीची होते, दहा हॅश लागतात, आणि दोन्ही मिळून हंगामाच्या शेवटी दर १.१ टक्के राहतो.